दिवाळी आणि लग्नसराईत पार्लरचं वेळापत्रक कसं लावावं, ओव्हरटाइम कसा द्यावा

डोंबिवलीत माझं लेडीज पार्लर आहे. कामाचे पाच हात, म्हणजे दोन सीनियर आणि तीन ज्युनियर. सहावी मुलगी मदतनीस, ती टॉवेल, वॅक्स हीटर आणि साफसफाई बघते. पहिल्या दिवाळीत मी रात्री साडेदहापर्यंत शटर उघडं ठेवलं आणि शेवटी सगळ्यांच्या हातात सारखेच हजार रुपये ठेवले. मला वाटलं, मुली खूश होतील. पण एका सीनियरने त्या पंधरा दिवसांत जवळपास तीस तास जादा काम केलं होतं आणि दुसरी रोज सातला घरी जात होती. दोघींना हजारच. तुळशीच्या लग्नानंतर माझ्या वहीत नवऱ्या लागल्या होत्या आणि नेमकी ती तीस तासवाली सीनियर सोडून गेली. तिची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून मी जे शिकत गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही नुकतंच पार्लर सुरू केलं असेल आणि हाताखाली चार-सहा मुली असतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

हाताशी काय हवं: अपॉइंटमेंटची वही, पंचांग असलेली दिनदर्शिका, हजेरीचं रजिस्टर, ओव्हरटाइमची वेगळी वही, प्रत्येकीचं नेमणूकपत्र (पगार, कामाचे तास आणि इन्सेन्टिव्ह त्यात लिहिलेला हवा) आणि शॉप अॅक्टची पावती.

१. आधी पंचांग उघडा, मग वही

गर्दी अचानक येत नाही, ती दिनदर्शिकेत आधीच छापलेली असते. भाद्रपदात हरतालिकेच्या आधीचे दोन-तीन दिवस, मग नवरात्र, मग वसुबारसेच्या आधीच्या रविवारपासून नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पौषात बहुतेक घरांत लग्नं धरत नाहीत आणि माघापासून पुन्हा सराई लागते. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल त्या दिवसांत मुहूर्त नसतात. पितृपक्ष आमच्याकडे सर्वांत शांत. मुलींच्या लांब रजा मी तिथेच टाकते.

प्रत्येक मोठ्या गर्दीच्या सहा आठवडे आधी मुलींना एकत्र बसवा आणि विचारा की कोणाला कोणता दिवस घरी हवाच आहे. कोकणातल्या मुलींना गणपतीला गावी जायचं असतं. उत्तर भारतातली मुलगी असेल तर तिला छठ हवी असते, जी दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. मुस्लिम मुलीला ईद हवी असते. “तिला दिवाळी नाही, मग तीच थांबेल” असं गृहीत धरू नका. तिला विचारा. थांबणार असेल तर तिची ईदेची रजा त्याच दिवशी, तिच्यासमोर वहीत लिहून टाका. दोघींना एकच दिवस हवा असेल तर गेल्या वर्षी ज्या मुलीने तो दिवस काम केलं, तिला यंदा सुट्टी. हा नियम सगळ्यांना पटतो, म्हणून जुनी वही फेकू नका.

लक्ष्मीपूजनाला मी दुपारी दोनला बंद करते. त्यानंतर तसंही कोणी येत नाही, आणि मुलींनाही आपल्या घरी पणत्या लावायच्या असतात.

२. हातांचे तास मोजा आणि वही तिथेच थांबवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबते. ओव्हरटाइम रात्री नऊला ठरत नाही. तुम्ही फोनवर “या हो, बसवते कुठेतरी” म्हणता, त्या क्षणी तो ठरतो.

आधी प्रत्येक कामाला तुमच्याकडे खरंच किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. माझ्याकडे आयब्रो आणि अपरलिप मिळून पाव तास, हात-पायांचं पूर्ण वॅक्सिंग एक तास, फेशियल सव्वा तास, रूट टचअप दीड तास.

आता २०२५ मधला धनत्रयोदशीचा शनिवार घ्या, १८ ऑक्टोबर. वहीत आठ टचअप होते, म्हणजे १२ तास. नऊ फेशियलचे सव्वाअकरा तास. दहा वॅक्सिंगचे १० तास. तीस थ्रेडिंगचे साडेसात तास. सगळं मिळून पावणेएकेचाळीस तासांचं काम.

पाच हात आणि प्रत्येकी आठ तास धरले तर ४० तास होतात, म्हणजे जवळपास जमलंच असं वाटतं. पहिला सापळा हाच. खुर्ची पुसणं, चादर बदलणं, उशिरा आलेली ताई, पैसे घेणं, पाणी पिणं, यात पाचवा हिस्सा सहज जातो. म्हणून ४० पैकी ३२ तासच विकायला आहेत असं समजा. तूट पावणेनऊ तासांची. प्रत्येकीने दोन तास जास्त काम केलं तर दहा तास वाढतात आणि त्यातले आठ हाताशी लागतात. तरी पाऊण तास कमी पडतो. म्हणून मी तीन थ्रेडिंग आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सरकवल्या आणि शनिवारच्या पानावर आडवी रेघ मारली. त्यानंतर फोन आला की “शनिवार भरला, शुक्रवारी सकाळी या” एवढंच उत्तर.

टचअपचा रंग डोक्यावर असतो तेव्हा अर्धा तास हात रिकामा मिळतो आणि त्यात दोन थ्रेडिंग होतात, हे खरं आहे. पण तो वेळ वहीत विकू नका. उशिरा येणाऱ्या बायकांमुळे दिवस घसरतो, तो सावरायला तेवढाच वेळ असतो.

३. दोन पाळ्या लावा आणि शेवटची वेळ ठरवा

सगळ्यांना सकाळी बोलावून रात्री सोडू नका. आमच्या त्या शनिवारी तिघी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ आणि दोघी सकाळी १० ते रात्री ९ अशा होत्या. मदतनीस मुलीला मी उशिराच्या पाळीत ठेवते. प्रत्येकीला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या, म्हणजे प्रत्यक्ष काम दहा तास. त्याच्या वर मी कोणालाच जाऊ देत नाही, तिने स्वतः मागितलं तरी.

सुट्टीच्या वेळा वहीत अपॉइंटमेंटसारख्या लिहा, नाहीतर जेवण साडेचारला होतं. शेवटचं मोठं काम सव्वासातला सुरू झालं पाहिजे, शेवटची थ्रेडिंग सव्वाआठला, साडेआठनंतर फक्त आवराआवर. वॅक्स हीटर पुसणं, टॉवेल भिजवणं, फरशी ही अर्ध्या तासाची कामंसुद्धा कामाच्या वेळेतच धरायची. “शटर खाली केलं तेव्हा सुट्टी” असं मोजणाऱ्या जागी मुलीचा रोज अर्धा तास फुकट जातो.

थ्रेडिंग एकीच्याच गळ्यात घालू नका. दोऱ्याचं एक टोक दातात धरून मान पुढे काढून उभं राहावं लागतं. सलग तासाभरानंतर मान आखडते, मग दोरा ढिला पडतो आणि अपरलिपवर बारीक काप जातो. मुलगी थकली आहे हे ती तोंडाने सांगत नाही, पण हे काप सांगतात. एका दिवाळीत रात्री पावणेनऊला आमच्या एका ज्युनियरने वॅक्सची पट्टी न तपासता लावली आणि एका ताईंच्या हाताला चटका बसला. हीटर मोठ्यावरच राहिला होता. सकाळी हीच मुलगी आधी स्वतःच्या मनगटावर वॅक्स लावून बघते. तिला त्या दिवशी बारा तास झाले होते. चूक मी वेळापत्रकात केली होती. एका दिवसात असे दोन काप किंवा एक चटका झाला, तर त्या मुलीला लगेच बसवा आणि उरलेली कामं दुसऱ्या दिवशी ढकला.

४. नवरीचं काम वेगळं मोजा

मुहूर्त सकाळी ९ वाजून १२ मिनिटांचा असेल तर मेकअप पाचला सुरू होतो, आणि मुलीला घरून सव्वाचारला निघावं लागतं. नऊवारी, खोपा, गजरा, मुंडावळ्या, मग नवरीची आई आणि करवल्या. सगळं आटपून ती दहाला परत येते. हे पावणेसहा तास झाले. सव्वाचारपासूनच मोजायचे, ब्रश हातात घेतला तेव्हापासून नाही. प्रवास तुमच्या कामासाठी आहे.

इथे सगळ्यांचं चुकतं ते असं. दहाला आलेल्या मुलीला “आता आलीच आहेस तर” म्हणून पार्लरमध्ये उभं करतात आणि संध्याकाळी रिसेप्शनच्या लुकला पुन्हा हॉलवर पाठवतात. पहाटे चारपासून रात्री आठपर्यंत. मी दोन लुक दोघींत वाटते. पहिली मुलगी केसांचे आणि बेसच्या शेडचे फोटो दुसरीला पाठवते. नवरीला हे ट्रायलच्या दिवशीच सांगायचं आणि ट्रायलला दोघींनी हजर राहायचं, म्हणजे ऐनवेळी “मला तीच हवी” होत नाही. तरीही नवरीने एकीचाच आग्रह धरला, तर मधला हॉलवर बसून राहण्याचा वेळही कामाचा धरते आणि दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी देते. हा खर्च पॅकेजच्या दरात आधीच धरून ठेवा.

आणि रात्री नऊला सुटलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नवरीकडे पाठवायचं नाही. दोन कामांच्या मध्ये किमान अकरा तास जायला हवेत.

५. कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा अधिनियम आहे. मूळ कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागांना पूर्ण लागू होता आणि त्याहून लहान जागांनी फक्त सूचना देऊन पावती घ्यायची. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, ओव्हरटाइमला नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे, आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास ओव्हरटाइम, अशा त्यातल्या तरतुदी. साप्ताहिक सुट्टी देता आली नाही तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यातल्या मर्यादा वाढवण्याचा निर्णय घेतला: दहाच्या जागी वीस कामगार, नऊच्या जागी दहा तास आणि १२५ च्या जागी १४४ तास. दुप्पट दर मात्र तसाच ठेवला.

म्हणजे सहा मुलींच्या पार्लरला तासांचे हे नियम थेट लागू होत नाहीत, आणि “आपल्याला कुठे लागू आहे” म्हणत बरेच जण दुप्पट दरही सोडून देतात. मी दुप्पटच देते. मोठ्या सलोनमध्ये हीच मुलगी हेच काम करून दुप्पट घेते, मग माझ्याकडे तिचा तास अर्ध्या किमतीचा का?

बायकांच्या रात्रीच्या कामाबद्दल याच कायद्यात रात्री साडेनऊची रेघ आहे. त्यापुढे तिची संमती, संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन लागतं. माझ्या दोन मुली बदलापूर आणि टिटवाळ्याहून येतात. नऊला सुटल्यावर लोकल आणि पुढे रिक्षा, म्हणजे घर दहाला. गर्दीच्या दिवसांत स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षाचे पैसे मी देते, आणि ते पगारात धरत नाही.

६. हिशेब करून दाखवते

आमच्या एका सीनियरचा तो आठवडा घेऊ, १३ ते १९ ऑक्टोबर. पगार महिना १५,६०० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणून दिवसाचे ६०० रुपये. दिवसाचे आठ तास, म्हणून तासाचे ७५. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे तासाला १५०.

सोमवारी ८ तास काम, मंगळवारी तिची सुट्टी, बुधवारी ९, गुरुवारी साडेनऊ, वसुबारसेच्या शुक्रवारी १०, शनिवारी १०, रविवारी १०. एकूण साडेछप्पन्न तास. त्यातून ४८ वजा केले की साडेआठ तास ओव्हरटाइम, आणि त्याचे १,२७५ रुपये.

चुका तीन ठिकाणी होतात. पगाराला २६ ऐवजी ३० ने भागलं की तासाचा दर ६५ होतो आणि याच आठवड्याचे १,१०५ रुपये निघतात. मुलीचे १७० रुपये गेले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरी चूक म्हणजे दुप्पट न धरता साधाच दर लावणं, मग तिच्या हातात ६३७ रुपये ५० पैसे पडतात.

तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते: “तुला इन्सेन्टिव्ह मिळतोय ना, त्यातच ओव्हरटाइम आला.” नाही आला. इन्सेन्टिव्ह तिने किती धंदा केला त्याचा असतो, ओव्हरटाइम तिने किती वेळ दिला त्याचा. रात्री आठनंतर आवराआवर करणाऱ्या मदतनीस मुलीला इन्सेन्टिव्ह मिळतच नाही, मग तिच्या तासांचं काय? टिप तर गिऱ्हाइकाची, ती हिशेबात येतच नाही. दिवाळीची भेटही वेगळी. आणि दिवाळीआधी घेतलेली उचल ओव्हरटाइममधून परस्पर कापू नका. उचल कोणत्या महिन्यापासून, किती हप्त्यांत कापायची ते देतानाच लिहून घ्या. ऐन सणाला दोन हजारांची वाट बघणाऱ्या मुलीच्या हातात तीनशे पडले, तर तुमचा हिशेब बरोबर असूनही तिचा सण गेला.

७. रोज लिहा, रोज सही घ्या

ओव्हरटाइमच्या वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सुट्टी वजा करून तास, आणि सही. सही रोज रात्री घ्यायची, आठवड्याने नाही. आठवड्याने मुलीला आठवत नाही, तुम्हालाही आठवत नाही, आणि मग शंका सुरू होतात. मी त्या पानाचा फोटो रात्री ग्रुपवर टाकते. कोणाचे किती तास झाले हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे “तिला जास्त का” हा प्रश्न पैसे वाटताना येत नाही.

पैसे कधी द्यायचे हेही ठरवून ठेवा. रविवारपर्यंतचा ओव्हरटाइम मी सोमवारी, नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी यूपीआयने देते आणि नोंदीत “ओव्हरटाइम, साडेआठ तास” असं लिहिते. पगार नेहमीसारखा पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत.

८. गर्दी ओसरली की सुट्ट्या परत करा

२०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि तुळशीची लग्नं २ नोव्हेंबरपासून. मधले नऊ दिवस पार्लर जवळजवळ रिकामं. बदली सुट्ट्या तिथेच बसवा, कारण एकदा मुहूर्त लागले की पौषापर्यंत जागा मिळत नाही आणि “नंतर घे” म्हटलेली सुट्टी बुडते. एका वेळी दोघी, सलग दोन-दोन दिवस, अशा मी लावते. ज्या मुलीचे तास सर्वांत जास्त भरले असतील तिला पहिली निवड. याच दिवसांत नवऱ्यांच्या ट्रायल असतात, म्हणून ज्या दोघींकडे ती नवरी आहे त्या एकाच वेळी सुट्टीवर जाणार नाहीत एवढं बघून घ्या.